काठचा दोर

१८ ऑक्टोबर २०२४

प्रिय रविदादा,

रेणूचा नमस्कार. इथे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा तसाच आहे, शेळी व्याली आणि पुलाला रंग देऊन झाला. फोनवर बोलताना तू दर वेळी विषय बदलतोस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझं रडगाणं ऐक. पुढच्या रविवारी, २७ तारखेला, पुलाचं उद्घाटन आहे. सरपंच शिवप्रसादकाका दारात येऊन म्हणाले, "रेणुका, तू बीए झालीस. आपल्या नावेची, त्या पुराची गोष्ट लिही. पण गान्यात लिही. गद्य कुनी ऐकत न्हाई. गानं शाळंतली पोरं पाठ करतेत, मंग ते जल्मभर राहतं."

मी लगेच हो म्हटलं. गावासाठी काहीतरी करायचं असं किती दिवस मनात होतं, तुला माहीत आहे. आता पस्तावते आहे.

अष्टाक्षरी घेतली. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. ऐकायला सोपं वाटतं ना? गोष्ट सांगायला बस म्हणजे कळेल. आठ अक्षरांत कोण, कुठे, काय केलं एवढं बसवायचं. वाक्य पुढच्या कडव्यात लोंबकळलं की ऐकणारा हरवतो, म्हणून एका कडव्यात एकच घटना. पहिलं कडवं झालं तेव्हा मी फार खूश होते:

गोदाकाठी एक गाव
पंढरीची त्यात नाव
पैलतीरी जाणाऱ्यांना
ठाऊक ते एक नाव

पुरात अडकलेल्यांना आबा ज्या नावेतून आणत होते तिच्यात सरजाबाई होती, म्हणून तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नावा दोन हुत्या का गं?"

"अगं, एक नाव म्हणजे होडी. दुसरं नाव म्हणजे आबांचं नाव."

"मंग तसं सांग की. मला वाटलं दुसरी बी आनली."

मी म्हटलं, असू दे, हेच तर यमक आहे. पुढचं वाचलं:

एकाएकी पाणी आले
वाडी झाली बेट सारी
पैलतीरी अडकली
माणसे नि शेळ्या चारी

"शेळ्या दोनच हुत्या. माझ्याच हुत्या."

आता 'सारी'ला 'दोन' कसं जुळवायचं? यमकासाठी मी म्हातारीच्या शेळ्या दुप्पट केल्या होत्या. मी चिडून म्हटलं, "मावशे, दोन शेळ्यांनी काय बिघडतं?" ती म्हणाली, "आज शेळ्या वाढिवल्यास. उद्या मानसं वाढिवशील." घरी येऊन आबांना सांगितलं तर ते हसत सुटले. ते असे हसलेले मी किती दिवसांनी पाहिले.

दोराचं तर विचारूच नकोस. तिसऱ्या कडव्यात दोर सुटतो, पण काठच्या कडुलिंबापासून नावेपर्यंत दोर होता हेच आधी सांगितलेलं नव्हतं. म्हणून मागे जाऊन घातलं: 'एक टोक नावेपाशी, दुजे टोक लिंबापाशी'. सरजाबाई म्हणाली, "लिंबाला हात हायत का? दोर कमी-जास्त कोन करीत हुतं?"

मी तिसरं कडवं वाचलं:

मध्यावर नाव येता
लाटांना फेस फुटला
काय झाले, कसे झाले
काठचा दोर सुटला

म्हातारी उठून उभी राहिली. "फेस कशाला? काय झालं, कसं झालं हे तूच मला इचारतीस? गानं तू सांगून राहिलीस का मी? दोर आपोआप सुटतो का गं? इतकं ऐकून बी कळंना कुनी सोडला ते, मंग हे गानं कामाचं काय?"

आणि मग तिने सांगितलं. दादा, ती नावेत काठाकडे, तुझ्याकडे तोंड करून बसली होती.

मी तेव्हा नांदेडला हॉस्टेलवर होते. मला एवढंच माहीत होतं की नाव गेली, बाभळी धरून माणसं वाचली, आणि गाव म्हणालं, पंढरीनं गाठ कच्ची मारली. त्यानंतर आबांनी हाकलेल्या होडीत बसायला कुणी तयार नव्हतं. दुसरी होडी त्यांनी केलीच नाही. आता ते दुसऱ्यांच्या रानात सोयाबीन काढायला जातात. आणि तू लातूरला दालमिलमध्ये गेलास. आम्हाला वाटलं, पोटासाठी.

मी आबांना विचारलं. ते विडी पेटवत म्हणाले, "झाडाएवढा ओंडका आडवा आला, दोरात अडकला. पोराचे हात सोलून निघाले. त्यानं सोडला म्हनून नाव उलटली न्हाई. धरून ठेवला असता तर सगळी बुडलो असतो."

"मग हे गावाला का नाही सांगितलं?"

"लोक 'सोडला' एवढंच ऐकतेत गं. फुडचं कोन ऐकतं?"

जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाले, "रेणू, तू 'सुटला'च म्हन. अक्षरं तितकीच भरतेत ना?"

भरतात, दादा. तीनाला तीन. मला याचाच जास्त राग आला. 'आठात बसत नाही हो' असं म्हणून मला सुटताही येत नाही. छंदाला काही फरक पडत नाही. फरक फक्त आबांना पडतो, कारण दोर 'सुटला' म्हणजे गाठ कच्ची होती. आता तेच शाळेतली पोरं चालीत म्हणणार, जल्मभर.

म्हणून 'काय झाले, कसे झाले' खोडलं. फेसही काढला. ओंडका आधी, हात नंतर आणि दोर शेवटी, म्हणजे 'सोडला' ऐकण्याआधी का सोडला ते लोकांच्या कानांवर पडलेलं असेल:

मध्यावर नाव येता
ओंडका दोरी अडला
सोलून निघाले हात
मुलाने दोर सोडला

बाभळींच्या आधाराने
सारे आले पुन्हा काठी
नाव गेली, नाव गेले
फक्त एका दोरासाठी

सरजाबाईला वाचून दाखवलं. 'गेली' आणि 'गेले' तिला बरोबर कळलं, या वेळी काही विचारलं नाही. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "शेळ्या दोन कर."

केल्या. 'वाडीभोवती पाण्याची तटबंदी झाली पूर्ण, पैलतीरी माणसे नि दोन शेळ्या, चारा चूर्ण' असं काहीतरी भयंकर झालं आहे, अक्षरं भरली पण अर्थ गेला. ते नीट करीन. तो माझा प्रश्न आहे.

'मुलाने' हा तुझा प्रश्न आहे. दोर सोडल्याचा मला राग नाही, दादा. मी तिथे असते तर कदाचित आधीच सोडला असता. आबा गावाचं ऐकून घेत राहिले आणि तू 'मिलमध्ये सुट्टी नाही' म्हणत राहिलास, याचा राग आहे. मिलला दर दिवाळीला सुट्टी असते. मी चौकशी केली आहे.

आबांना मी शब्द दिलेला नाही. रविवारी मी 'सोडला'च म्हणणार. पण त्या ओळीची पहिली तीन अक्षरं मी म्हणणार नाही, तिथे थांबेन. तू ये आणि गावासमोर 'मुलाने' ऐवजी 'मी स्वतः' म्हण. तीही तीनच भरतात, आणि 'मी स्वतः दोर सोडला' म्हटलं की बाकी कुणी काही विचारणार नाही. तू आला नाहीस तर 'मुलाने' मी म्हणेन, आणि आबा खाली मान घालून ऐकतील.

सकाळच्या एसटीने निघालास तर वेळेत पोचशील. पूल झाला आहे, नदीपाशी थांबावं लागणार नाही.

खाली पूर्ण सही करते. मधलं नाव वाच. तुझ्याही नावात ते तिथेच आहे.

तुझी,
रेणुका पंढरी भोई