पहिलं बरं की दुसरं?

११ मार्च, दुपार
चष्म्याचं दुकान बंद करून टाकावं. सकाळपासून सात जणांचे डोळे तपासले. भिंग बदलून विचारतो, पहिलं बरं की दुसरं? पाच जणांचं एकच पालुपद: सारखंच वाटतंय. अरे, डोळे तुमचे! मग मी सांगायचं? माणसाला स्वतःचं कळू नये म्हणजे काय? मला कळतं. नेहमी.

संध्याकाळी ६
समोरच्या औषधवालीचा मेसेज: "निळ्या शर्टात आज भलतेच छान दिसत होतात. डोकं दुखायचं निमित्त काढून तरी या ना." पुढे डोळा मारणारा चेहरा.
डोकंच फिरलं. कामाच्या वेळेत ही थट्टा? सहा वेळा वाचला. हा राग आहे की आणखी काही, ठरेना. अंगठा पाठवला. विषय संपला.

१२ मार्च
सकाळी तिने रोजच्यासारखा हात केला नाही. मला काडीचाही फरक पडत नाही. तीनदाच बघितलं.

दुपारी ३
तिला वाईट वाटायला नको म्हणून "तुम्हीही काही कमी नाही" लिहिलं, वर तसलाच चेहरा. निव्वळ माणुसकी. लगेच उत्तर: शनिवारी सिनेमा? "स्टॉक मोजायचाय" असं कळवलं. इतकं स्पष्ट कोण बोलतं हल्ली?

१३ मार्च
तिने विचारलंय: आधी अंगठा, मग डोळा, मग स्टॉक. यातलं खरं कुठलं?
उलटतपासणी! ताईला फोन केला. एका मित्राची गोष्ट म्हणून सांगितली. ताई म्हणाली, तुझा मित्र गाढव आहे. मेसेजने बरं वाटलं तर तसं सांगावं. नक्की माहीत नसेल तर तेही सांगावं, पण नसलेलं प्रेम दाखवू नये. आणि तिला ताटकळत न ठेवता नाही म्हणायची मोकळीक द्यावी. मला शिकवते! मोबाइल आपटला. काच तडकली. ताईमुळे.

१४ मार्च, दुपारी ४
तडकलेल्या काचेवर लिहिलं: "तुमचा मेसेज वाचून खूप बरं वाटलं, हसूही आलं. तुमच्याशी बोलायला मला आवडतं, हे नक्की. त्यापुढचं मला अजून कळलेलं नाही. गोंधळून काहीबाही पाठवलं, चुकलंच. उद्या नुसती कॉफी घेऊया? नको वाटलं तर मोकळेपणाने सांगा, मी रागावणार नाही." पाठवलं. आता येतेच ती.

५.३०
उत्तर आलं. छान लिहिलंत, म्हणाली. हेच मंगळवारी आलं असतं तर धावत आले असते. आता मात्र तिलाच नक्की सांगता येत नाहीये.
रागावणार नाही म्हणालो होतो. प्रचंड रागावलोय. कुणावर, ते लिहीत नाही.

१५ मार्च, शनिवार
निळा शर्ट घातला. एक आजोबा डोळे तपासायला आले. तिसऱ्यांदा म्हणाले, सारखंच वाटतंय. म्हटलं, घाई नाही आजोबा, पण जे वाटतंय ते लगेच सांगत जा.
दुपारी स्टॉक मोजला.