अक्कांचं ‘असून’

१५ जून, रवि.

अक्का जेवायला आल्या होत्या. विनयची, माझ्या नवऱ्याची, ही थोरली बहीण धारवाडला राहते, महिन्यातून एखाद्या रविवारी इकडे हुबळीला चक्कर. शेजारच्या शकुंतलाबाई ताक घेऊन आल्या, तर अक्कांनी सईची वेणी हातात धरून त्यांना दाखवली. "बघा, सावत्र असून सख्ख्या आईसारखं करते हो ही. पोरीचं नशीबच म्हणायचं."

शकुंतलाबाई म्हणाल्या, "हौदु, पुण्य माड्याळ." पुण्य केलंय म्हणे पोरीनं.

मी हसले. "त्यात काय विशेष," म्हणाले. नेहमीचंच.

सई भात कालवत होती. हात थांबला तिचा. तेरा वर्षांची आहे आता, सगळं ऐकते. पूर्वी मला वाटायचं, ऐकत नसेल.

मी हसायला नको होतं.


१७ जून

विनयला सांगितलं. चहा पीत होता. म्हणाला, "इरली बिडू. असू दे, स्वभाव आहे तिचा. कौतुकच करते ना तुझं?"

हेच तर. कौतुक म्हटलं की तोंड बंद. शिवी असती तर परत देता आली असती. हसून घेतलं तर 'असून'वर माझी सही. तोंड वाकडं केलं तर, बाई गं, चांगलं बोललं तरी लागतं हिला.

"मग तू सांग तिला," म्हणाले.

"मी सांगितलं तर तिला वाटेल तू शिकवलंस."

हे मात्र खरं. डोक्याला ताप.


२९ जून, रवि.

अक्कांच्या नातवाचं बारसं. धारवाडला, हॉलमध्ये. पन्नासेक बायका. पाळणा झाला, पेढे वाटले, आणि अक्का कोणा चुलतसासूला माझी ओळख करून देतात: "ही विनयची दुसरी. सावत्र असून इतकं करते की बघणाऱ्याला कळणार नाही."

तोंडातून गेलंच. "आणि तुम्ही आत्या असून सासूसारखं बोलता."

बायका हसल्या. मला क्षणभर बरं वाटलं. मग अक्कांचा चेहरा दिसला. त्या हसत नव्हत्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी प्रेमानं विचारलं, "अगं, मी चांगलंच म्हटलं. तुला लागलं का?"

"छे छे, मला कशाला लागेल," असं म्हणताना आवाज चिरकला. झालं. कोणी काय म्हणालं ते कोणाच्या लक्षात राहणार नाही. माझा आवाज चिरकला हे राहील.

परत येताना बसमध्ये विनय पुढे, मी नि सई मागे. नवलूरच्या पुढे गेल्यावर सई म्हणाली, "अम्मा, तू का चिडलीस? सावत्र आहेस हे खरंच आहे ना."

"हो, खरं आहे."

"मग कशाचा राग आला?"

मी खिडकीबाहेर बघत बसले.


३० जून

सईचा प्रश्न दिवसभर डोक्यात. फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये एका आजोबांचा खांदा फिरवताना दुसरा खांदा धरला. "बाई, तो बरा आहे," म्हणाले बिचारे.

कशाचा राग? 'सावत्र' शब्दाचा नाही. सईची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची. मग दोन वर्षं अक्कांकडे. मग मी. आम्हा दोघींत ह्यावर कधी लपवाछपवी नाही. 'आई' म्हणजे फोटोतली, हे तिनं सहाव्या वर्षी स्वतःच ठरवलं आणि मला 'अम्मा' केलं. वर्गातल्या कानडी मुली म्हणतात तसं. मला 'अम्मा' पुरतं. पुरून उरतं.

राग 'असून'चा. सावत्र *असून* करते. म्हणजे न करणं हा नियम, करणं हा उपकार. उपकार कोणावर? ताटावर बसलेल्या पोरीवर. मला वाटत होतं टोमणा मला आहे. तो तिला लागतो. तिची वेणी, तिचा डबा, तिची फी, सगळं धर्मादाय होऊन जातं.

हे तिला कसं सांगू. तिलाच सांगायचं, की अक्कांना सांगायचं, तिच्यासमोर.


४ जुलै

अक्कांना व्हॉट्सअॅपवर लिहायला घेतलं. भलंमोठं झालं. "तुम्ही नेहमी", "माझ्या भावना", "सईच्या मनावर". पुसलं. हा मेसेज चार घरी फिरला असता, त्यातलं एक वाक्य सगळ्यांना पाठ झालं असतं, तेही चुकीचं.


३ ऑगस्ट, रवि.

अक्का आल्या. बारशापासून पहिल्यांदा. दोघी जरा जपूनच. मी पुरणाचे कडबू केले होते. एक खाऊन म्हणाल्या, "बेळगावकडच्या मुलीच्या मानानं बरे जमलेत."

मी म्हणाले, "जमलेत ना. अजून एक घ्या." वाढला. विषय संपला.

गंमत वाटली. 'बेळगाव'वाला अर्धा भाग मी उचललाच नाही, तो तिथेच पडून राहिला. कोणी वाकून घेतला नाही. म्हणजे जे फक्त मला आहे, आणि कडबूएवढंच आहे, ते सोडून देता येतं. खरं तेवढं घ्यायचं आणि पुढे वाढायचं.

पण सईचं सोडता येत नाही. मी सोडलं तरी तिनं उचललेलं असतं.


५ ऑगस्ट

वाक्य तयार करतेय. कपडे वाळत घालताना पुटपुटत. पहिलं फार लांब होतं, भाषण. 'तुम्ही' काढलं. 'तुम्ही' आलं की भांडण आलं. 'नेहमी' काढलं, नाहीतर त्या हिशेब मागतील, कधी म्हटलं, कोणासमोर. 'मला वाईट वाटतं' काढलं. वाईट वाटलं म्हटलं की सगळ्या मला समजवायला बसतील आणि मुद्दा बाजूला.

विनोद नको. बारशाला केला होता.

उरलं ते: "सावत्र आहेच, अक्का. 'असून' मात्र काही नाही त्यात. सईचं करायला मला आवडतं."

आणि मग गप्प. हे सगळ्यात अवघड. मला पुढे सारवासारव करायची खोड आहे.


१२ ऑगस्ट

एक राहिलं होतं. त्या "तुला लागलं का" विचारतील, तेव्हा काय? 'नाही' म्हटलं तर खोटं. 'हो' म्हटलं तर हळवी. दोन्हीत विषय मीच. आठवडा ह्यातच गेला.

विनयनं मध्येच सांगितलं. आमचं लग्न झालं आणि सई पिशवी घेऊन इकडे आली, त्या दिवशी अक्का न्हाणीघरात रडत होत्या. नळ सोडून. इतकी वर्षं त्यानं हे मला सांगितलं नव्हतं. "विषय निघाला नाही," म्हणे. धन्य.

म्हणजे दोन वर्षं त्यांनी केलं, ते कोणी मोजलंच नाही. 'आत्या असून' असं त्यांना कोणी म्हटलं नाही. आणि मी एकदा म्हटलं, तेही बारशात टोमणा म्हणून.

राग गेला नाही. थोडा किचकट झाला.


१ सप्टें., सोम.

गौरीचं जेवण अक्कांकडे. बारा-पंधरा बायका. सईला शाळेत कानडी वक्तृत्वात बक्षीस मिळालं, ते अक्कांनीच सगळ्यांना सांगितलं, अभिमानानं. आणि मग, आलंच: "हिचीच मेहनत. सावत्र असून..."

मी कोशिंबीर वाढत होते. पळी हातात. त्याच आवाजात, 'मीठ हवं का' विचारावं तसं म्हणाले, "सावत्र आहेच, अक्का. 'असून' मात्र काही नाही त्यात. सईचं करायला मला आवडतं."

पुढच्या पानावर कोशिंबीर वाढली.

अक्का, अपेक्षेप्रमाणे: "अगं, मी चांगलंच म्हटलं."

"हो. चांगल्यासाठीच म्हणालात, कळलं मला."

एवढंच. क्षमा नाही, 'लागलं नाही' नाही. कोणी हसलं नाही, हे बरं झालं.

मग मी ठरवलं नव्हतं ते विचारलं. "अक्का, सई तुमच्याकडे होती तेव्हा झोपायची कशी? मला तिचे ते दिवस माहीतच नाहीत."

ही युक्ती नव्हती. खरंच माहीत नाहीत.

अक्का म्हणाल्या, "माझा पदर मुठीत लागायचा. मी कूस बदलली की उठायची. वर्षभर मी एका कुशीवर झोपले." एका बाईनं "अय्यो" केलं. सई वाढायचं सोडून ऐकत उभी होती. तिलाही माहीत नव्हतं.

मग अक्का आत गेल्या आणि आमची पानं उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.


२ सप्टें.

विनय: "बोललीस जरा."

"चुकीचं बोलले?"

"चुकीचं नाही. पण बोललीस."

ह्या घरात 'बोलणं' हाच गुन्हा आहे.

सई क्लासहून आली. चुरमुऱ्यांचं गिरमिट खाता खाता म्हणाली, "अम्मा, तू काल आत्याला म्हणालीस ना, आवडतं म्हणून. वेणी घालायला पण?"

"वेणी घालायला नाही. तू हलतेस."

हसली. बराच वेळ हसली. मी आत जाऊन उगाच ओटा पुसला.


७ सप्टें.

अक्कांचा विनयला फोन. स्पीकरवर होता, मी भाजी निवडत होते, त्यांना ठाऊक नसावं. "आता काही बोलायची सोय राहिली नाही बाबा. कौतुक करायचं तरी तोलून मापून."

विनय म्हणाला, "अक्का, तिनं कौतुक नाकारलं नाही. एक शब्द नाकारला."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. हा माणूस गेले तीन महिने कुठे होता.

पलीकडून "ठेवते" आणि फोन बंद.


२० सप्टें., शनि.

अक्कांच्या डोळ्यांची तपासणी, इथे हुबळीत विद्यानगरात. विनय गावाला, म्हणून मी आणि सई बरोबर. अक्कांत आणि माझ्यात फारसं बोलणं नाही. डोळ्यांत थेंब घातल्यावर अक्कांना नीट दिसेना, तेव्हा सईचा हात धरून बसल्या.

शेजारी एक धारवाडच्या ओळखीच्या बाई निघाल्या. कोण ह्या, म्हणून माझ्याकडे बोट. मी श्वास धरला. सईनंही धरला असावा.

अक्का म्हणाल्या, "माझी भावजय. सईचं सगळं हीच बघते." थांबल्या. मी श्वास सोडणार, तेवढ्यात, "पूर्वी बिचारी अगदी गप्प असायची. हल्ली छान बोलायला लागलीय."

घ्या. हे नवीन. ह्यावर काही तयारी नव्हती. कौतुक, टोमणा, की कबुली, काही कळेना. त्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे चेहऱ्यावरूनही काही समजलं नाही. सई माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "लागलेय."

अक्कांनी मान हलवली. त्या बाईंना म्हणाल्या, "आमच्या घरात कोणीतरी बोलणारं पाहिजेच होतं." आणि लगेच मला, तुटकपणे, "पंखा जरा कमी करायला सांग गं. वारा लागतोय."

सांगितला कमी करायला. अजून विचार करतेय, काय म्हणाल्या त्या.