इंट्रो काढणार नाही

१ सप्टेंबर, सोमवार
आज स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांनी जाहीर केलं. शिक्षण खात्याला या भागातल्या सगळ्या शाळांसाठी व्हिडिओंची मालिका करायची आहे. आमच्या शाळेतून एकच शिक्षक जाणार. चोवीस तारखेला निवड. उमेदवार दोन: मी आणि गणितवाले सर. म्हणजे खरं पाहता एकच.

गणितवाल्या सरांचे व्हिडिओ मी पाहिलेत. चेहरा नाही, संगीत नाही, नमस्कारसुद्धा नाही. कागद, पेन आणि एक हात. त्याची नखंही वाढलेली.

आमच्या ह्यांना सांगितलं की मालिका मिळालीच समजा. ते हो म्हणाले. टीव्हीवर मॅच होती, पण हो म्हणाले.

२ सप्टेंबर, मंगळवार
निकष कळला. व्हिडिओ किती जणांनी उघडला ते नाही, किती टक्के बघितला ते धरणार. सरासरी. उत्तमच. वरवर बघणारे माझ्याकडे नाहीतच. माझ्याकडे येतो तो जिज्ञासू.

‘बर्फ पाण्यावर का तरंगतो?’ हा माझा सर्वोत्तम व्हिडिओ. सात मिनिटांचा. काठोकाठ पाणी भरलेला पेला, वर डोकं काढलेला बर्फ. बर्फ वितळतो आणि एक थेंबही सांडत नाही. आणि इंट्रो! बावन्न सेकंद. फिरणारी पृथ्वी, पृथ्वीतून निघणारं रॉकेट, रॉकेटच्या धुरातून माझं नाव, खाली पदव्या. मग मी स्वतः: स्वागत, मुख्याध्यापकांचे आभार, आज आपण काय शिकणार, ते का शिकणार, सबस्क्राइब करा, घंटी दाबा. पृथ्वी उलटी फिरते अशी एक कॉमेंट आली होती. डिलीट केली.

४ सप्टेंबर, गुरुवार
कॉम्प्युटरवाल्या सरांकडून अॅनालिटिक्स समजून घेतलं. चॅनल दोन वर्षं चालवतेय, हे पान कधी उघडलं नव्हतं. कामं असतात.

एक रेघ असते. डावीकडे व्हिडिओची सुरुवात, उजवीकडे शेवट. रेघ जितकी वर तितके लोक त्या क्षणी बघत असतात. सपाट असली तर लोक टिकून आहेत. टेकाड आलं तर तो भाग लोक परत परत बघतात. खड्डा पडला तर तो भाग गाळून पुढे जातात.

माझी रेघ कड्यावरून उडी मारते. तिसाव्या सेकंदाला शंभरातले अडतीस उरतात. बावन्नाव्याला बावीस. सर म्हणाले, मॅडम, लोक इंट्रोमध्ये जातायत. मी म्हटलं, नेट स्लो असेल. ते म्हणाले, नेट बरोबर इंट्रोपुरतंच स्लो असतं का? मी म्हटलं, असू शकतं. शास्त्रात काहीही गृहीत धरायचं नसतं.

७ सप्टेंबर, रविवार
सगळ्या सत्तावीस व्हिडिओंच्या रेघा बघितल्या. सगळ्यांत कडा आहे, सगळ्यांत त्याच जागी. योगायोग सत्तावीस वेळा होऊ शकतो.

दुपारी कॉम्प्युटरवाल्या सरांना फोन केला. त्यांचं म्हणणं असं की माणूस ‘बर्फ का तरंगतो’ हे वाचून येतो. त्याला बर्फ हवा असतो आणि समोर येते पृथ्वी. आपण चुकीच्या दुकानात शिरलो असं त्याला वाटतं आणि तो निघून जातो. पाटीवर जे लिहिलंय ते पहिल्या काही सेकंदांत दिसलं पाहिजे. बावन्न सेकंद कापा, दुसरं काही करायला नको.

कापा म्हणे. तो इंट्रो करायला मला तीन सुट्ट्या लागल्या. आणि लोकांना शिकवणारी कोण हे कळायला नको? डॉक्टरसुद्धा पाटी लावतो.

शेवटपर्यंत बघणारेही आहेत म्हणा. चौकशी केली. त्यांतल्या एक सासूबाई. त्या मोबाइल उशाशी लावून झोपतात आणि व्हिडिओ चालू राहतो. पण पूर्ण चालतो!

संकल्प: इंट्रो काढणार नाही. सुधारणार.

१० सप्टेंबर, बुधवार
इंट्रो सुधारला. आता त्यात मी सुरुवातीलाच बोट वर करून सांगते: विद्यार्थी मित्रांनो, कृपया इंट्रो सोडून पुढे जाऊ नका. चार वेळा रेकॉर्ड केलं, कारण ह्यांनी मागे कुकर लावला होता. एकूण एकसष्ट सेकंद झाला. जरा लांबला, पण विनंती स्पष्ट आहे. हा इंट्रो लावून ‘लोखंड का गंजतं?’ टाकला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आकडे यायला दोनेक दिवस लागतात म्हणून वाट बघितली. मी बोट वर करते त्याच सेकंदाला रेघेत खड्डा आहे. म्हणजे मी सोडू नका म्हणते आणि ते नेमकं तिथेच सोडतात. पोरांना शिस्त नाही. ही मुळात घरची अडचण आहे, माझी नाही.

गणितवाल्या सरांनी आज डब्याच्या वेळी आपली रेघ दाखवली. अठ्ठावन्न टक्के, म्हणे. दाखवायची काही गरज नव्हती. मी म्हटलं, अभिनंदन, नखं कापा.

१५ सप्टेंबर, सोमवार
सुचलं! वीस वर्षं शिकवतेय ते उगाच नाही. वर्गात पोरं लक्ष देत नाहीत तेव्हा आपण काय करतो? हजेरी घेतो.

बर्फाच्या व्हिडिओला जुळा भाऊ केला: ‘बर्फ वितळल्यावर पाणी का सांडत नाही?’ त्याच्या इंट्रोमध्ये त्रेचाळिसाव्या सेकंदाला कोपऱ्यात एक शब्द दाखवला, अगदी क्षणभर. आठवी, नववी, दहावीला सांगितलं की इंट्रोत लपलेला शब्द वहीत लिहून आणा, तोंडीचे दोन गुण. आता बघू कोण पळतं इंट्रोतून.

कॉम्प्युटरवाल्या सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी डोळे चोळले. भारावले असावेत.

१७ सप्टेंबर, बुधवार
सगळ्या वह्यांत बरोबर शब्द: ‘घनता’. दोघांनी ‘गंथा’ लिहिलंय, पण भावना पोचली.

व्ह्यूज एकशे चाळीसच्या वर! दोन वर्षांत एका दिवसात एवढे कधी आले नव्हते. वर्गात पेढा... नको, चॉकलेट वाटायचं ठरवलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
रेघ आली. इंट्रोमध्ये टेकाड! टेकाड कसलं, डोंगर! त्रेचाळिसाव्या सेकंदाला एकशे तीस टक्के. शंभराच्या वर रेघ जाते कशी हे आधी कळेना. कॉम्प्युटरवाले सर म्हणाले, एकच माणूस तोच तुकडा दोन-तीनदा बघतो तेव्हा जाते. म्हणजे लोक माझा इंट्रो परत परत बघतायत. परत परत! ह्यांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, छान, आणि पुन्हा झोपले.

सर पुढेही काहीतरी म्हणत होते. डोंगरानंतर रेघ कुठे जाते ते बघा, असं काहीसं. उद्या बघेन. आजचा दिवस डोंगराचा.

२२ सप्टेंबर, सोमवार
बघितलं.

डोंगरानंतर रेघ जमिनीवर. सहा टक्के. सरासरी अकरा. पूर्वी पंचवीस होती.

नववीच्या मॉनिटरला बोलावलं. फार प्रामाणिक मुलगी आहे, सगळं खरं सांगितलं. तिने वर्गाच्या ग्रुपवर टाकलं होतं: त्रेचाळिसावा सेकंद. पोरं थेट तिथे उडी मारायची, क्षणभराचा शब्द दिसला नाही तर मागे जाऊन पुन्हा बघायची, लिहायची आणि बंद करायची. मी विचारलं, सरळ शब्दच का नाही सांगितलास? ती म्हणाली, शब्द सांगितला असता तर ती कॉपी झाली असती ना मॅडम. सेकंद सांगणं म्हणजे मदत.

माझीच विद्यार्थिनी. गुण दिले.

आता सगळा हिशोब त्या अकरात बुडणार, कारण सगळ्यांत जास्त बघितलेला व्हिडिओ माझा तोच. पोरांना व्हिडिओ सोडायला मीच शिकवलं, तेही गुण लावून.

नाही. शिकवायचा हेतू तो नव्हता. अजून दोन दिवस आहेत.

२४ सप्टेंबर, बुधवार
मालिका गणितवाल्या सरांना. मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या मेहनतीबद्दल शंकाच नाही. मेहनतीबद्दल शंका नाही हे नापास होणाऱ्या पोराच्या पालकांना मी स्वतः सांगते, त्यामुळे अर्थ समजला.

गणितवाले सर माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, मॅडम, तुमचा पेल्याचा प्रयोग मला जमला नसता. हातावर नजर गेली. नखं कापलेली होती. बरं वाटलं नाही.

घरी येऊन भांडी घासली, ह्यांची पाळी असताना. वाईट वाटलंय. खूप वाटलंय. लिहून ठेवते आणि विषय संपवते.

संध्याकाळी कॉम्प्युटरवाल्या सरांचा फोन. म्हणाले, जुन्या बर्फाच्या व्हिडिओची रेघ बावन्नाव्या सेकंदानंतर बघितलीत का? टेबलासारखी सपाट आहे. जे बावीस उरतात ते पेला पूर्ण वितळेपर्यंत हलत नाहीत. मी म्हटलं, ते बावीस इंट्रोमुळेच तयार झालेत. त्यांचं मन घडलंय.

हे सिद्धच करायचं ठरवलं. प्रयोगाला तुलना लागते. इंट्रो कापून टाकते. मग रेघ कशी कोसळते ते सगळे बघतील आणि मी तो चार्ट स्टाफरूममध्ये लावेन. एडिटरमध्ये कापता येतं, लिंक तीच राहते, जुने व्ह्यूज, कॉमेंट्स तसेच. फक्त बदल चढायला काही तास लागतात. आता व्हिडिओ थेट पेल्यापासून सुरू होतो, माझा चेहरा कुठेच नाही, फक्त आवाज. पहिलं वाक्य: हा पेला काठोकाठ भरलाय, बर्फ वितळला तर सांडेल का? मला तर फार उद्धट वाटतंय.

२७ सप्टेंबर, शनिवार
फक्त कापल्यानंतरच्या दिवसांची रेघ काढली. तिसाव्या सेकंदाला चौऱ्याहत्तर. सरासरी एक्कावन्न. बर्फ वितळतो तिथे टेकाडही आहे, लहानसं. लोक मागे जाऊन बघतात थेंब खरंच सांडला नाही ना. चार्ट लावायचं रद्द. खिळा नव्हता.

दोनदा तपासलं. सासूबाई या वेळी कुठेच नाहीत. त्यांचा मोबाइल दुरुस्तीला गेलाय.

एक कॉमेंट आलीय, अनोळखी माणसाची. ‘मस्त समजलं. ह्या नवीन मॅडम खूप छान शिकवतात. पूर्वी सुरुवातीला त्या एक मॅडम यायच्या, त्यांना काढलंत ते फार बरं केलंत. नवीन मॅडमना नक्की कळवा.’

तीनदा वाचली. डिलीटचं बटण शेजारीच आहे.

खाली लिहिलं: धन्यवाद. कळवते त्यांना.