शिल्ड, पत्रिका आणि मानपत्र

१२ फेब्रुवारी २०१४, बुधवार
रामकिसन आज वर माझ्या खोलीत आला. स्वतःहून! म्हणजे काम होतं.
आईची पंच्याहत्तरी करायची म्हणतो. दोन मार्चला, पडेगावच्या मंगल कार्यालयात. चारशे माणूस. पुढच्या वर्षी त्याला वॉर्डातून उभं राहायचंय, हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
"अक्का, तू मराठी शिकवलंस इतकी वर्षं. तीन गोष्टी लिहून दे. शिल्डवर एक ओळ, पत्रिकेवर दोन ओळींची कविता आणि स्टेजवर वाचायला एक परिच्छेद. मुद्दा तिन्हीत एकच — आईनं कधी काही मागितलं नाही."
विसरला? की विसरायचं ठरवलंय?
"हो" म्हणाले. विधवा बहीण भावाच्या माडीवर राहते, तेव्हा "हो" लवकर येतं तोंडात.

१३ फेब्रुवारी
आई खाली टीव्हीसमोर. आवाज बंद असला तरी तिला फरक पडत नाही. चित्रं बघते, आपल्याशीच हसते. गावाकडं, पिशोरला असताना साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली होती, तेवढी शाबूत आहेत. पाटीवरचं, दुकानावरचं बोट ठेवून वाचते. एक ओळ जमते. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला दमते आणि सोडून देते.

१५ फेब्रुवारी
एक ओळ. सोपं वाटलं होतं!
पहिला खर्डा — "आमच्या आईनं आम्हा सगळ्यांना आयुष्यभर भरभरून दिलं, पण कधी काही मागितलं नाही." शिल्डवाले मुख्तारभाई फोनवर म्हणाले, "बाई, इतनं नाय बसायचं. आठ-धा लफ्ज द्या, मोठं दिसंल."
मग कापायला बसले. "आमच्या आईनं" गेलं — नाव वर कोरलेलंच असणार. "आम्हा सगळ्यांना" गेलं, आणि गंमत म्हणजे ओळ मोठी झाली. कुणाला दिलं ते सांगितलं नाही, की वाचणाऱ्याला वाटतं, मलाच. "भरभरून" गेलं, कारण "दिलं"च्या पोटात ते होतंच. शेवटी "पण". "पण" दिसला की माणूस थबकतो आणि विचार करायला लागतो. नुसता स्वल्पविराम ठेवला तर घसरत पुढं जातो.
राहिलं — "आयुष्यभर दिलं, कधी काही मागितलं नाही."
शेवटी "नाही". दार लावून घेतल्यासारखं. आत कुणी काही विचारायला जागाच नाही. कधी? कुणाकडं? खरं का? एका ओळीला हे प्रश्न कुणी विचारत नाही. खोटं बोलायला याहून सोयीची जागा मी पाहिली नाही.

१८ फेब्रुवारी
दोन ओळी झाल्या.

ओंजळीने देत गेली, ना कधी मोजून ती;
मागणे आले न ओठी, राहिली समजून ती.

मात्रा बरोबर बसल्यात, बोटांवर दोनदा ताल धरून बघितला. इथं खोटं वेगळ्या रीतीनं चालतं. पहिली ओळ काहीतरी उचलून धरते, कान खालच्या ओळीची वाट बघत राहतो. यमक आलं की वाटतं, पटलं! पटलेलं काही नसतं, नुसतं जुळलेलं असतं.
पण एक झालं. "समजून" मी शोधला नव्हता. "मोजून"ला जोड हवी होती म्हणून आला. आला आणि बसून राहिला. राहिली समजून — काय समजून? की मागून मिळणार नाही? एका ओळीत हा प्रश्न आला नसता. यमकाच्या ओढीनं माझ्या हातून अर्धं खरं लिहिलं गेलं. आणि चाल इतकी गोड, की कुणाच्या लक्षात येणार नाही.

२० फेब्रुवारी
परिच्छेद होत नाही. सकाळपासून "वात्सल्यमूर्ती", "त्याग", "कष्ट" मांडून बसलेय. एका ओळीचंच पीठ, पाणी घालून वाढवलेलं. पोरींना वर्गात सांगायचे — परिच्छेद म्हटला की "उदाहरणार्थ" आलं पाहिजे. एखादा दिवस, एखादी वस्तू, कुणी काय म्हणालं ते. त्याशिवाय वाक्यं एकमेकांना धरत नाहीत.
मग उदाहरण द्या, आशाबाई!

२१ फेब्रुवारी
लिहिला.
"आईनं आयुष्यात एकदाच काही मागितलं. मागच्या दिवाळीत, पाडव्याला ओवाळून झाल्यावर ती रामकिसनला म्हणाली, 'रामू, कानाचं मशीन घे मला. नातवंडं काय बोलत्यात, कळंना.' त्यानं टीव्हीकडं तोंड ठेवूनच उत्तर दिलं, 'आता ऐकून काय करायचंय तुला?' ते तिला ऐकू आलं नाही. म्हणून ती अजून उत्तराची वाट बघते आहे."
एकच मुद्दा लिहायला बसले होते. ओळीत लपला, दोन ओळींत गोड झाला, परिच्छेदात उलटा होऊन पडला. कारण परिच्छेदाला माणसं लागतात. माणसं आली की ती बोलतात.
मशीन मी घेते म्हणाले होते पेन्शनमधून. आईनं हात हलवला — "तुझं नको. लेकानं आणावं." त्याला विचारलं तर म्हणाला, "बहिणीनं आणलं म्हणून लोकांत माझी शोभा करतेस?"

२२ फेब्रुवारी
ओळ पसंत. कविता तर वहिनीनं दोनदा म्हणून दाखवली.
परिच्छेद त्यानं वाचला. घडी केली, परत माझ्या हातात दिली.
"उदाहरण नको, अक्का. मोघम लिही."
एवढंच. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

२८ फेब्रुवारी
मोघम लिहिलं. पण घडी केलेला कागदही पर्समध्ये ठेवलाय. वाचणार मीच आहे. माईक माझ्या हातात. चारशे माणसांसमोर वाचला तर सोमवारी मशीन घरात येईल. लाजेनं का होईना, येईल!

२ मार्च, रविवार
नाही वाचला.
कागद बाहेर काढला होता. आई खुर्चीत, पैठणी नेसून, माझ्या ओठांकडं बघत होती. रामकिसन शेजारी हात जोडून. मला माडीची खोली दिसली. जिना दिसला. त्या जिन्यावरून माझी ट्रंक उतरताना दिसली. पर्स बंद केली आणि "वात्सल्यमूर्ती" वाचलं. टाळ्या पडल्या. लोक टाळ्या वाजवतायत बघून आईनंही वाजवल्या.
भित्री आहे मी. तीन लांब्यांत लिहिता येतं, एकाही लांबीत बोलता येत नाही.

३ मार्च
शिल्ड टीव्हीवर ठेवलीय. दुपारी आई तिच्यासमोर उभी होती, काचेवर बोट फिरवत. आ-यु-ष्य-भर. सगळी ओळ वाचली. मग शेवटचे शब्द पुन्हा वाचले. मला हाक मारली.
"आशे, हितं लिवलंय, मागितलं नाय म्हून. म्या तर मागितलं व्हतं की दिवाळीला. मशीन."
मी "हो" म्हणून मान हलवली.
तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतक्या महिन्यांत तसा पाहिला नव्हता.
"मंग रामूला ऐकूच आलं नसंल गं! मला वाटलं, ऐकून बी गप बसला." पदर सावरून ती दाराकडं निघाली. "थांब, परत सांगते त्याला."