राठीकाकांच्या हातात झुमके

२६ डिसेंबर
आमच्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात नव्या वर्षाच्या गिफ्टसाठी चिठ्ठ्या काढल्या. मला अकाउंट्सचे राठीकाका. नुकतेच आजोबा झालेत. बाळासाठी लोकरीची टोपी घेतली. देणाऱ्याचं नाव गुप्त. घेणाऱ्याला बियाण्याच्या नमुन्यासारखा सांकेतिक नंबर, त्याचा स्टिकर पार्सलवर. कागद म्हणजे छपाई चुकलेल्या पाकिटांचा चंदेरी रोल. सगळी पार्सलं सारखी.
लॅबमधल्या नसरीनशी बोलणं बंदच. लॅब इन्चार्जची जागा एक, आम्ही दोघी. कपाशीच्या उगवण चाचणीतली माझी रोपं तिने सगळ्यांसमोर परत मोजायला लावली होती.

३१ डिसेंबर
कोणी आधी उघडू नये म्हणून स्टोअरच्या गायकवाडमामांनी पार्सलं बियाण्याच्या कोल्डरूममध्ये ठेवली. बाहेर काढताच सगळ्या पार्सलांवर दव धरलं, स्टिकर गळाले. मामांनी अंदाजाने परत चिकटवले. हे नंतर कळलं.
नसरीनने आधी उघडलं. आत मी राठीकाकांसाठी घेतलेली टोपी! नसरीन पांढरी पडली, उठून गेली. मागोमाग राठीकाकांच्या हातात झुमके. "या वयात कान टोचू का आता?" हशा. मामा: "म्या तर बराबर चिटकवले व्हते!"
मी तिच्यामागे गेले, घोटाळा सांगायला. ती बेसिनपाशी. मीच मागे आले म्हणजे टोपी माझीच, असं तिने धरलं. मी बोलायच्या आत,
"तुला कुणी सांगितलं? अम्मीला बी सांगितलं न्हाई मी अजून. तिसरा महिना चालूय. तुला जागा पाहिजे ना? घे. पण असं, सगळ्यांसमोर?"
मी एवढंच म्हणाले: "ती राठीकाकांची आहे."
ती स्टुलावर बसली आणि हसायला लागली. डोळे पुसत.
तिचं गुपित तिनेच माझ्या हातात दिलं. साहेबांना एक वाक्य सांगितलं की जागा माझी.

२ जानेवारी
कीडनाशक औषध लावलेल्या बियाण्याचे नमुने नसरीनच्या टेबलावरून माझ्याकडे आणले. गरोदर बाईने ते हाताळू नयेत. दुपारी तिचा डबा माझ्यासमोर.
"मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. तू कुणाला टोमणा मारायला बी खर्चा करणार न्हाईस."
भरली वांगी. तिखट. दोनदा घेतली.

६ जानेवारी
साहेबांनी बोलावलं. "उद्या इन्चार्जचं नाव वर पाठवायचंय. नसरीन औषधाचे नमुने घेत नाही म्हणे. काही अडचण?"
ते एक वाक्य जिभेवर होतं.
"मीच मागून घेतलेत."
"का?"
"सराव हवा होता."
पटलं नसावं.
बाहेर नसरीन. "काय विचारून राह्यले ते?"
"काही नाही."
"खोटं बोलताना रिपोर्ट वाचल्यावाणी बोलतीस तू."
टोपी तिने परत दिलेली नाही. मीही मागितली नाही. राठीकाकांसाठी दुसरी घ्यायला हवी.
जागा मला अजून हवीच आहे. तिलाही. उद्या एकीचंच नाव वर जाईल, पण दुपारी लॅबच्या टेबलावर डबे दोन उघडतील.