उलटे पडलेले दोन प्याले

प्रिय ताई,

हे पत्र आधी पेन्सिलीने लिहिलं, मग पेनाने उतरवलं, म्हणून खाडाखोड नाही. तुझी मागची दोन पत्रं मिळाली. त्यांना मी चार-चार ओळींचं उत्तर दिलं, तेही नळाच्या गळतीबद्दल. नळ अजून गळतो. खाली डबा ठेवतो आणि कामावर जायच्या आधी रिकामा करतो. तुझ्या वसतिगृहातल्या मुली तुला घाबरतात हे वाचून हसू आलं. मी आणि छोटी तुला कधी घाबरलो नाही.

छापखान्यात मी अजून ताव तपासायच्या टेबलावरच आहे. वरून उघडायच्या वह्यांचं तेच मोठं काम छोटीच्या लग्नाआधीपासून चालू आहे. त्या वह्यांचा ताव डोक्याकडून पायाकडे उलटावा लागतो, तरच मागची छपाई सुलटी दिसते. पुस्तकाचं पान उलटतो तसा बाजूने उलटला तर मागचं सगळं डोक्यावर उभं. दिवसाला हजारेक ताव होतात. हात आपोआप चालतो, डोकं दुसरीकडे असतं. माझं डोकं कुठे असतं ते सांगायलाच बसलोय, पण क्रमाने सांगतो, नाहीतर काहीतरी राहून जाईल.

छोटीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची दुपार आठव. सकाळपासून ती तुझ्या मागे होती की टॅरोचे पत्ते मांडून माझं भविष्य बघ. तू शिंप्याकडे जायला निघाली होतीस, पिशवी हातात, आणि ती दारात आडवी. "गावाला सांगतेस, सख्ख्या बहिणीला नाही? माझ्याकडून पैसे मिळणार नाहीत म्हणून का?" तू म्हणालीस, "तुझ्यासाठी बघायला बसले तर पत्ता दिसणारच नाही मला. मला काय हवंय तेच दिसेल." ती म्हणाली, "आणि तुला काय हवंय?" तू चपला घातल्यास आणि जाताना मला म्हणालीस, "मुंगळ्या, कपाटाला हात लावू देऊ नकोस हिला." मी मान हलवली.

आता जे तुला माहीत नाही ते. तू कोपऱ्यावरून वळलीस आणि छोटी रडायला लागली. नेहमीची हट्टाची रड नव्हती ती. म्हणाली, उद्या मी एका परक्या घरात उठणार, आणि कोणी एक शब्द धीराचा बोलत नाही. मग मला म्हणाली, तुला सगळं येतं, इतकी वर्षं ताईच्या मागे बसून बघतोस. ते खरं होतं. लोक तुझ्याकडे यायचे तेव्हा मी आतल्या खोलीत अभ्यास करतोय असं सगळ्यांना वाटायचं. अभ्यास नववीत सुटला तो सुटलाच, पण पत्ते पाठ झाले. अठ्ठ्याहत्तर. बावीस मोठे आणि प्याले, छड्या, तलवारी, नाणी मिळून छप्पन्न.

मी कपाटातून जुडी काढली. तुझ्यासारखंच सगळं केलं. टेबल पुसलं, कापड अंथरलं. तिला म्हटलं, 'सुखी होईन का' असं विचारायचं नाही, पत्ते हो-नाही सांगत नाहीत, 'आमच्यात काय आहे' असं विचार. तिने पिसले. पिसताना अर्धी जुडी गोल फिरवून पुन्हा मिसळायची, म्हणजे काही पत्ते सुलटे, काही उलटे होतात, तेही करवून घेतलं. डाव्या हाताने तीन ढीग करायला लावले, क्रम बदलून एकावर एक ठेवले. वरचे तीन पत्ते पालथे मांडले. पहिला ती, दुसरा तो, तिसरा दोघांमधलं. मग मी एकेक उलटला.

पहिला, दोन प्याल्यांचा. उलटा. दुसरा, चार छड्यांचा, दारावर तोरण लावलेला. तोही उलटा. तिसरा तीन तलवारींचा, काळजात रुतलेल्या. तो तेवढा सुलटा. ताई, जोडीचा पत्ता डोक्यावर, घराचा पत्ता डोक्यावर, आणि मध्ये दुःख सरळ उभं. छोटीला अर्थ विचारायची गरज पडली नाही. चित्रं बघूनच तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात तू आलीस. मला ओरडा बसेल म्हणून ती पटकन म्हणाली, "मीच मांडले." मी गप्प राहिलो. पुढचं तुझ्यासमोरच झालं. ती म्हणाली, तुला हे आधीच ठाऊक होतं म्हणून तू टाळत होतीस, महिनाभर माझ्या होणाऱ्या नवऱ्याविरुद्ध पत्ते लावत बसली असशील, मी गेले की तुला कोण विचारणार. आणि तू म्हणालीस, "मी बरं सांगितलं तर म्हणशील लग्न पार पडावं म्हणून सांगते. वाईट सांगितलं तर म्हणशील जाऊ नये म्हणून सांगते. मग मी सांगूच कशाला?" पत्ते गोळा करून तू ट्रंकेत टाकलेस. लग्नात तू सगळं केलंस, पाहुण्यांचे ग्लाससुद्धा विसळलेस, पण तिच्याशी बोलली नाहीस. पंधरा दिवसांनी तू नोकरीवर गेलीस.

त्यानंतर महिन्याभराने मला या टेबलावर नवीन मुलाला शिकवायला सांगितलं. "असा नाही, डोक्याकडून पायाकडे," मी त्याला ताव उलटून दाखवत होतो, आणि माझा हात हवेतच थांबला. तू पत्ता नेहमी बाजूने उलटायचीस. पालथ्या पत्त्याची नक्षी दोन्हीकडून सारखी, त्यामुळे डोक्याकडून उलटला तर सुलटा पत्ता उलटा झालेला कळतही नाही; तो जसा आलाय तसाच दिसायला हवा. मी ते तिन्ही पत्ते तावासारखे उलटले होते. म्हणजे प्याले सुलटे आले होते. छड्या सुलट्या आल्या होत्या. आणि तलवारी उलट्या, म्हणजे तू सांगायचीस तसं, जुनं दुखणं निघून जाताना. मी तीनही फिरवले. सवयीने झालं, असं मी स्वतःला सांगतो. शेकडो वेळा तुझा हात बघितलेला, तरी सवयीने झालं.

हे तुला वर्षभर कळवलं नाही. तुम्ही दोघी आपापल्या घरी नीट आहात, उगाच कशाला उकरायचं, असं म्हणत राहिलो. संध्याकाळी येतो, एक भांडं चढवतो, एक ताट घासतो. रविवारी दोन्ही खोल्या झाडतो, जरी एकीत कोणीच पाऊल टाकलेलं नसतं.

गेल्या मंगळवारी छोटी बॅग घेऊन आली. त्याने काही केलं नाही, ताई. मारलं नाही, टाकून बोलला नाही. तो उशिरा आला की हिला ते प्याले दिसतात, तो गप्प बसला की तलवारी दिसतात. वर्षभर ती भांडण कधी होतंय याची वाट बघत होती आणि शेवटी झालं. म्हणते, आधीच सांगितलं होतं ना पत्त्यांनी. काल तो येऊन गेला. अर्धा तास खाली उभा होता, ही वरून हलली नाही. मी दोघांच्या मध्ये जिन्यात. पत्ते मी चुकीचे उलटले, एवढं एक वाक्य बोलायचं होतं फक्त. बोललो नाही. आज सहावा दिवस. तिने समोरची खोली आवरली, नळाला चिंधी बांधली, मी आलो की विचारते, आज किती ताव झाले. मी दारातून आत येतो तेव्हा दिवा लागलेला असतो, आणि ते मला आवडायला लागलंय. म्हणून हे पत्र. माझ्या तोंडून ते वाक्य निघेल यावर माझा भरवसा उरलेला नाही. तू ये, नाहीतर तिच्या नावाने लिही, मी मध्ये उघडणार नाही. आणि लवकर कर, कारण आज मी तिच्यासाठी दुसरी उशी विकत आणली.

तुझाच,
मुंगळा