बारावीचा फोन माझ्या खिशात

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे जेवतो-खातो. तुझी भाची माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

बोर्डाला दोन महिने उरले तेव्हा मी फोन मागितला. (मागितला म्हणजे हात पुढे केला. माझ्या मते ती विनंती होती.) ती म्हणाली, "बाबा, सराव-पेपर वर्गाच्या ग्रुपवरच येतात. उत्तर लिहून फोटो पाठवला की सर तपासतात. फोन गेला तर मी काय करू?" मग तिनंच तोडगा काढला: करमणुकीची सगळी ॲप काढते, उरलेल्याला वेळेचं कुलूप लावा, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, रात्री फोन हॉलमध्ये. फक्त रात्री तुमचाही फोन तिथेच ठेवायचा. वकील होईल पोरगी! पण मला ते शेवटचं कलम झोंबलं. बाप कोण, मी की ती? फोन कपाटात गेला, आणि सरांच्या मागे लागून त्या ग्रुपवर मी तिच्याऐवजी माझा नंबर घालून घेतला.

आता गंमत ऐक. पेपर यायचा दुपारी, तेव्हा मी दुकानात कुणाच्या तरी मिक्सरची मोटर उघडून बसलेलो. तिच्या हातात तो पडायचा संध्याकाळी. तिच्या उत्तरांचे फोटो मी काढायचो, त्यात माझा अंगठा आणि अर्धं समीकरण. सरांनी विचारलं, बाकीचं कुठे आहे? आणि खरं सांगू, मला त्या ग्रुपची चटकच लागली. ग्राहक समोर उभा आणि मी पोरींचे विनोद वाचतोय. एका पोरीनं लिहिलं, "झोप येतेय, मरू दे तो पेपर." माझ्यानं राहवेना. मी आईबापांच्या कष्टांवर लांबलचक उपदेश ठोकला, वर हात जोडलेलं चित्र. साऱ्या वर्गानं तो वाचला. कुणाचा बाप, हेही सगळ्यांना कळलं. सरांनी माझा नंबर काढून टाकला.

कपाटातला फोन मी त्याच रात्री तिच्यापुढे ठेवला. तिनं हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "आता कुठल्या तोंडाने परत ग्रुपवर जाऊ?" तेव्हापासून मैत्रिणीकडे जाऊन पेपर हाताने उतरवून आणते. वेळ जातोय तिचा, ताई, आणि तो मी घालवतोय. राग येतो, कुणावर ते विचारू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. तिला परीक्षेपर्यंत तुझ्याकडे यायचंय. तिथे डोक्यावर कुणी बसत नाही, एवढंच म्हणाली. ठेवून घे. तिला परत ग्रुपवर घ्यायला सरांशी तूच बोल, माझं नाव दिसलं की ते फोन उचलत नाहीत.

आणखी एक. तिचा फोन सोबत पाठवतोय, तो तिच्याजवळच राहू दे, कितीही वेळ. फक्त रोज एकदा मला फोन करायला सांग. मी सांगितलं असं म्हणू नकोस.